खुराड्यातला देवदूत आणि एसवायचा वर्ग

पहिल्या वर्षी मी जादुई वास्तववाद शिकवायला घेतला तो फ्रान्झ रोहपासून, आणि तिथेच वर्ग हातातून गेला. रोह हा जर्मन कलासमीक्षक. त्याने 1925 मध्ये हा शब्द चित्रकलेसाठी वापरला, मग तो लॅटिन अमेरिकेत पोचला, 1949 मध्ये आलेहो कार्पेंतिएर या क्यूबन कादंबरीकाराने ‘अद्भुत वास्तव’ अशी स्वतःची संज्ञा मांडली, असं सगळं मी फळ्यावर लिहीत होते. मुलं वहीत उतरवून घेत होती. अठ्ठेचाळीस मिनिटांचं लेक्चर संपलं तेव्हा सगळ्यांच्या वहीत एक व्याख्या होती: ‘ज्या साहित्यात अद्भुत गोष्टी सामान्य असल्यासारख्या दाखवल्या जातात आणि त्याचं कुणालाही आश्चर्य वाटत नाही ते साहित्य म्हणजे जादुई वास्तववाद.’ ही व्याख्या अर्धी चूक आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते पुढे एका मुलाने दाखवून दिलं.

आमचं कॉलेज घाटावर, तालुक्याच्या गावी आहे. इंग्रजी स्पेशल घेणारी मुलं तीसेक असतात. निम्मी जवळपासच्या खेड्यांतली, चार-पाच मुलं घाट उतरून पलीकडच्या कोकणातली. अभ्यासक्रमात गाब्रिएल गार्सिया मार्केसची 1968 सालची एक कथा आहे, ‘अ व्हेरी ओल्ड मॅन विथ इनॉर्मस विंग्ज’. मूळ स्पॅनिश. आम्ही वाचतो तो ग्रेगरी रबासाचा इंग्रजी अनुवाद. सहा-सात पानांची कथा, वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. समुद्रकाठच्या एका गावात पेलायो आणि एलिसेंदा या जोडप्याच्या अंगणात, चिखलात, पंख असलेला एक म्हातारा पडलेला सापडतो. ते त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडतात, लोकांना तिकीट लावून दाखवतात, त्या पैशांत माडी बांधतात आणि शेवटी तो उडून जातो. गोष्ट एवढीच.

दुसऱ्या वर्षी व्याख्या बाजूला ठेवली. लेखकाचं नाव नाही, देश नाही, वाद नाही. पहिलं पान झेरॉक्स करून वाटलं आणि एकच काम सांगितलं: वाचताना ज्या जागी तुम्हाला वाटेल की ‘हे काही खरं असू शकत नाही’, त्या पहिल्या जागेवर पेन्सिलीने खूण करा. एकच खूण.

माझी अपेक्षा होती की सगळ्यांच्या खुणा पंखांवर पडतील. पडल्या भलत्याच ठिकाणी. कथा उघडते ती खेकड्यांनी. तीन दिवस पाऊस कोसळतोय आणि घरात इतके खेकडे मारलेत की पेलायोला ते अंगण ओलांडून समुद्रात फेकायला जावं लागतंय, कारण तान्ह्या बाळाला रात्रभर ताप आहे आणि हा ताप खेकड्यांच्या घाणीमुळे आला असं त्यांना वाटतंय. घाटावरच्या सातआठ जणांनी इथेच खूण केली होती. घरात एवढे खेकडे? शक्यच नाही. त्यावर वेंगुर्ल्याकडची मुलगी मागून म्हणाली, “मॅडम, कुर्ल्यो पावसात घरात येतातच. आमची आजी झाडूने लोटते.” पुढच्याच ओळीत जग मंगळवारपासून उदास आहे असं वाक्य येतं. पाचसहा खुणा तिथे. बाकीच्या पंखांवर. एका मुलाने खूणच केली नव्हती. त्याचं म्हणणं, गोष्ट आहे ना, मग खरं कशाला असायला पाहिजे.

ही विस्कटलेली खूण माझ्या फार कामाची ठरली. मार्केसने दरवाजा पंखांपाशी ठेवलेलाच नाही. पंख येण्याआधी त्याने तुम्हाला तीन पायऱ्या उतरवलेल्या असतात: जास्त असले तरी खरे खेकडे, मग वाराला चिकटलेली जगाची उदासी, मग दुपारी इतका अंधुक उजेड की अंगणात कण्हतंय ते काय, हे पेलायोला अगदी जवळ जाऊन बघावं लागतं. खरं कुठे संपलं आणि खोटं कुठे सुरू झालं यावर तीस जणांच्या वर्गात एकमत होत नाही, तेव्हा पंख आले तरी ‘आता जादू सुरू झाली’ असं म्हणायला जागा उरत नाही. हे मी आधी फळ्यावर लिहून दाखवलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. स्वतःच्या आणि शेजारच्याच्या कागदावरच्या खुणा वेगळ्या दिसल्या, म्हणून पटलं.

मग पंखांचं वर्णन वाचलं. इथे मी एक जुना सराव करून घेते: वर्णनातली विशेषणं गोळा करायची. म्हातारा भंगार गोळा करणाऱ्यासारखा फाटका, टकलावर चार विटके केस, तोंडात मोजके दात, पावसात भिजलेल्या पणजोबासारखी अवकळा. पंख गिधाडासारखे, मळलेले, अर्धे उपटलेले, चिखलात रुतलेले. पुढे पाद्री येऊन बारकाईने बघतो तेव्हा पंखांच्या मागच्या बाजूला परजीवी किडेही सापडतात. “यात दिव्य काय आहे?” असं विचारलं. कुणालाच काही सापडेना. “तेज? प्रभा? सुगंध?” उलट त्याला वास मारतो. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हे आमच्या कोंबडीला उवा झाल्यावर दिसतं तसं आहे.” अगदी बरोबर. पंखांचं वर्णन पंख पाळणाऱ्याने केलेलं आहे, पंखांची पूजा करणाऱ्याने नव्हे.

आतापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, “बघा, कुणालाच आश्चर्य वाटत नाही.”

खिडकीजवळचा, एरवी कधीच न बोलणारा मुलगा उभा राहिला. “पण मॅडम, पेलायो घाबरून बायकोला बोलवायला पळत जातो ना? इथे लिहिलंय. आणि मग एवढी गर्दी येते, ती कशाला येते? आश्चर्य वाटतं म्हणूनच ना?”

मी पुस्तकात बघितलं. तो बरोबर होता. पेलायो घाबरतो, पळतो. पुढे गर्दी इतकी होते की ती हटवायला संगिनी लावलेले शिपाई बोलवावे लागतात. ज्या गावात देवदूताचं कुणाला काहीच वाटत नाही तिथे कोण रांग लावेल? गेल्या वर्षी मी तीस मुलांच्या वहीत जी व्याख्या घातली होती ती याच कथेला लागू पडत नव्हती. त्या दिवशी मी “उद्या बघू” म्हणून सुटका करून घेतली. हे सांगायला लाज वाटत नाही. शिकवताना निम्म्या गोष्टी ‘उद्या बघू’नेच सुटतात.

रात्री कथा पुन्हा वाचली, या वेळी फक्त आश्चर्य कुठे आहे हे शोधत. आश्चर्य आहे, पण त्याचं आयुष्य फार थोडं. पेलायो आणि एलिसेंदा त्या म्हाताऱ्याकडे इतका वेळ आणि इतकं जवळून बघत राहतात की त्यांचं आश्चर्य ओसरतं आणि तो त्यांना ओळखीचा वाटायला लागतो. मग ते त्याच्याशी बोलायला जातात. तो कुणालाही न समजणाऱ्या बोलीत, खलाशासारख्या दणदणीत आवाजात उत्तर देतो. आणि यावरून ते पंखांची अडचण सरळ ओलांडून निष्कर्ष काढतात की वादळात फुटलेल्या परदेशी जहाजावरचा हा एकटा वाचलेला माणूस. शेजारची, जन्ममरणाचं सगळं कळणारी बाई येऊन सांगते, हा देवदूत आहे, बाळाला न्यायला आला असणार, पण बिचारा इतका म्हातारा झालाय की पावसाने खाली पाडला. आता यात ‘देवदूत असतो का’ हा प्रश्न कुणीच विचारत नाही. प्रश्न आहे तो, हा कुठल्या खात्यात मोडतो आणि याला ठेवायचा कुठे.

पाद्री फादर गोन्साग याला संशय येतो, पण कसला? हा म्हातारा पंखवाला असू शकतो का, असा नाही. तो देवाची भाषा असलेल्या लॅटिनमध्ये ‘सुप्रभात’ म्हणतो आणि याला लॅटिन येत नाही, म्हणून संशय. तो बिशपला पत्र लिहितो, बिशपने वर लिहायचं, त्याने त्याच्याही वर, थेट रोमपर्यंत. रोमहून उलट प्रश्न येतात: याला बेंबी आहे का, याच्या बोलीचा अॅरामाइकशी काही संबंध आहे का, की हा फक्त पंख असलेला नॉर्वेजियन आहे? शेवटच्या प्रश्नावर वर्ग नेहमी हसतो. पंख असलेला नॉर्वेजियन चालेल, त्याला कुणाची हरकत नाही. फक्त फाईल कुठल्या टेबलावर जाणार ते ठरलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी आधी त्या मुलाचं म्हणणं फळ्यावर लिहिलं आणि खाली माझी दुरुस्ती लिहिली. पात्रांना आश्चर्य वाटू शकतं, ती घाबरू शकतात, रांगा लावू शकतात. आश्चर्य वाटत नाही ते निवेदकाला. तो कुठेही थांबून ‘असं कसं होईल’ म्हणत नाही, खुलासा देत नाही, डोळेही मोठे करत नाही. म्हाताऱ्याचे पंख आणि एलिसेंदाने लावलेलं पाच सेंटांचं तिकीट तो एकाच आवाजात सांगतो. अमेरिल चनाडी या अभ्यासकीने 1985 च्या पुस्तकात हा मुद्दा नीट मांडलाय: अद्भुत आणि वास्तव यांच्यातला विरोध निवेदक विरोध म्हणून समोर येऊच देत नाही, तो त्याबद्दल गप्प राहतो. मार्केस स्वतः सांगायचा की ही पद्धत त्याला आजीकडून मिळाली. ती सर्वांत अशक्य गोष्टही चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगायची.

पण ‘निवेदकाचा आवाज’ हा शब्द मुलांना हाताला लागत नाही. म्हणून मी एकच घटना तीन तऱ्हेने लिहून आणली. घटना: एसटी स्टँडवर पाऊस खालून वर पडतोय.

पहिली तऱ्हा: ‘तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. डोळ्यांवर विश्वास बसेना. पाऊस जमिनीतून वर जात होता! की आपल्याला ताप आहे आणि हा भास होतोय?’

दुसरी तऱ्हा: ‘त्या नगरीच्या राजाने अतिथीला उपाशी परत पाठवले. अतिथीने शाप दिला आणि त्या दिवसापासून तिथे पर्जन्य उलटा वाहू लागला.’

तिसरी तऱ्हा: ‘फलाट तीनवर पाऊस खालून वर पडत होता, म्हणून कंडक्टरने बायकांना पिशव्या डोक्यावर न धरता पायाखाली घ्यायला सांगितलं. सांगलीची गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली आणि तिचीही खालची पत्र्याची बाजू गळत होती.’

तिन्ही वाचून दाखवल्या आणि विचारलं, प्रत्येकीत पुढे काय होईल असं वाटतं? पहिलीत तो भास होता की खरं, हे कळायला हवं. म्हणजे वाचक दोन्हींच्या मध्ये अडकलेला. त्स्वेतान तोदोरोव्हने 1970 मध्ये ‘फँटॅस्टिक’ची ओळख हीच सांगितली, वाचकाची ती घालमेल. दुसरीत राजाला पश्चात्ताप होऊन उःशाप मिळायला हवा. तिथे पाऊस उलटा का पडतो याचं कारण आहे आणि त्या कारणात धडा आहे. आणि तिसरीत? “मॅडम, तिसरीत गाडीला एवढा उशीर का झाला ते बघायला पाहिजे,” असं एक मुलगी म्हणाली. मला टाळी वाजवावीशी वाटली. तिच्यासाठी उलटा पाऊस हा हवामानाचा तपशील झाला होता.

इथे वेंगुर्ल्याच्या मुलीने हात वर केला. हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, पण तो इतका नेमका येईल असं वाटलं नव्हतं. तिच्या गावाजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. लोक देवाला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. “आमच्याकडे कुणी म्हणत नाही की ‘अरे बापरे, देव चालतो’. नवीन वहाणा करतात. मग आमचं गाव जादुई वास्तववादी आहे का?”

वर्ग हसला, पण ती गंभीर होती आणि तिचा प्रश्नही. खरं सांगायचं तर झिजलेल्या वहाणा या तपशिलाचा मला हेवा वाटला. देव फिरतो याचा पुरावा तेज नाही, चमत्कार नाही, तळाची झीज आहे. मार्केसला हा तपशील मिळाला असता तर त्याने सोडला नसता.

तिला उत्तर देताना कार्पेंतिएर मदतीला आला. पहिल्या वर्षी ज्या नावाने मुलं झोपली होती तेच नाव आता जागच्या जागी बसलं. कार्पेंतिएर हैतीला गेला होता आणि तिथे त्याने माकांदालची हकीकत ऐकली. हा बंडखोर गुलाम. 1758 मध्ये फ्रेंचांनी त्याला जाहीरपणे जिवंत जाळलं. पण जमलेल्या गुलामांचा विश्वास होता की तो रूप बदलून ज्वाळांतून निसटला. कार्पेंतिएरचं म्हणणं, आमच्याकडे अद्भुत शोधावं लागत नाही, ते लोकांच्या विश्वासात आणि इतिहासात आहेच. वेतोबाच्या वहाणा या बाजूला येतात. तिथे सगळ्या गावाला माहीत आहे की देव कोण, तो काय करतो, त्याला काय वाहायचं. श्रद्धेची घडी बसलेली आहे.

मार्केसच्या या कथेत ती घडीच नाही. देवदूत कसा असतो हे त्या गावालाही ठाऊक आहे, पाद्र्याला तर पाठ आहे. आणि अंगणात आलेला म्हातारा त्यातल्या एकाही गोष्टीत बसत नाही. तो लॅटिन बोलत नाही. आजाऱ्यांना बरं करतो तेही वाकड्या वाटेने: आंधळ्याला दृष्टी येत नाही पण तीन नवे दात येतात, पांगळा चालू लागत नाही पण त्याची लॉटरी थोडक्यात हुकते, महारोग्याच्या जखमांतून सूर्यफुलं उगवतात. खायला त्याला शेवटी फक्त शिजवलेल्या वांग्याचा लगदा चालतो. (“भरीत!” असा आवाज मागच्या बाकावरून दर वर्षी येतो.) आणि तो देवदूत आहे म्हणून तसं खातो की दात नसलेला म्हातारा आहे म्हणून, हे त्या घरात कुणालाच कधी कळत नाही. मी तिला म्हटलं, “वेतोबाच्या वहाणा ही श्रद्धा आहे, तिला साहित्याचं नाव चिकटवायची गरज नाही. पण समज, तू गोष्ट लिहिलीस आणि तिच्यात वहाणा करणारा कारागीर म्हणतो की देव हल्ली एकाच बाजूने चालतो, उजवी वहाण दुप्पट झिजते, मापात काहीतरी चुकतंय. तिथून तू मार्केसच्या गल्लीत शिरलीस.” ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “आमच्याकडे असं लिहिलं तर मार खाईन.” तेही खरंच.

यानंतर जो खड्डा येतो त्यात दर वर्षी निम्मा वर्ग पडतो. प्रश्न असा येतो: “मॅडम, देवदूत कशाचं प्रतीक आहे?” बारावीपर्यंत आपण मुलांना कवितेतला प्रत्येक पक्षी स्वातंत्र्याचं प्रतीक आहे असं शिकवलेलं असतं, त्यामुळे त्यांचा दोष नाही. उत्तरंही तयार असतात: देवदूत म्हणजे परका माणूस, देवदूत म्हणजे घरातला दुर्लक्षित म्हातारा, देवदूत म्हणजे कलावंत. यातलं एकही टाकाऊ नाही. पण प्रत्येकात काहीतरी बाहेर उरतं. म्हाताऱ्याचं म्हणावं तर पंख कशाला? परक्याचं म्हणावं तर त्या बाळाला आणि देवदूताला एकाच वेळी कांजिण्या का येतात? प्रतीक म्हणून त्याला घडी घालून कपाटात ठेवायला गेलं की पंख बाहेर लोंबतात.

पूर्वी मी “प्रतीक शोधू नका” असं सांगायचे. ते ‘हत्तीचा विचार करू नका’ म्हणण्यासारखं होतं. आता मी काही न सांगता कोळीणबाईचा परिच्छेद काढते. कथेच्या मध्यावर गावात जत्रा येते आणि तिच्यात एक बाई असते, आठ पायांच्या, मेंढ्याएवढ्या कोळ्याचं धड आणि वर दुःखी मुलीचं डोकं. तिची हकीकत ती स्वतः सांगते: लहानपणी आईवडिलांचं न ऐकता रात्रभर नाचायला गेले, परतताना रानात आकाश फाटलं, वीज आली आणि माझं हे झालं. तिचं तिकीट देवदूतापेक्षा स्वस्त. तिला हवे ते प्रश्न विचारता येतात. लोक तिच्या तोंडात मांसाचे गोळे टाकतात. एका फटक्यात देवदूताची गर्दी तिच्याकडे जाते आणि त्याचं अंगण ओस पडतं.

“लोक का गेले?” असं विचारते. आधी उत्तर येतं: स्वस्त आहे म्हणून. मग: ती बोलते, हा बोलत नाही. आणि मग कधीतरी कुणीतरी म्हणतं, “तिच्यात काय झालं ते कळतं. आईबापाचं ऐकलं नाही म्हणून झालं.” मी फळ्यावर उलट्या पावसाची दुसरी तऱ्हा पुन्हा लिहिते, अतिथीच्या शापाची. कोळीणबाई त्या तऱ्हेची आहे. तिच्यात कारण आहे, शिक्षा आहे, आईला मुलीच्या कानात सांगता येईल असा धडा आहे. देवदूत का आला, का पडला, का गेला, यातलं काहीच कधी कळत नाही. मार्केसने एकाच अंगणात दोन प्रकारच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यात, आणि गर्दी कुठल्या गोष्टीला तिकीट काढते तेही दाखवलंय.

एका वर्षी इथे वर्गात खूप वेळ कुणी बोललं नाही. मग ज्याने प्रतीकाचा प्रश्न विचारला होता तोच मुलगा हसत म्हणाला, “म्हणजे मॅडम, आम्ही पण कोळीणबाईच्या रांगेतच उभे आहोत.” मी काही बोलले नाही. असं वाक्य मुलाने स्वतः म्हटलं की मास्तरणीने गप्प बसावं.

शेवटचं लेक्चर मी लेखनासाठी ठेवते. दहा ओळी, मराठीत, तुमच्या गावातली जागा, एक अशक्य गोष्ट. पहिल्या फेरीत जे येतं ते बहुतेक बाद असतं, आणि कसं बाद होतं तेही ठरलेलं आहे. निम्म्यांमध्ये शेवटी गजर होतो आणि ते स्वप्न निघतं. काहींमध्ये प्रयोगशाळेतलं रसायन सांडलेलं असतं. आणि जवळजवळ सगळ्यांमध्ये ‘जणू’, ‘अचानक’ आणि ‘काय आश्चर्य’ असतं. मी त्यांना हे तीन शब्द लाल पेनाने शोधायला सांगते. ‘जणू’ लावला की उपमा झाली, वाचक सुटला. ‘अचानक’ लावला की निवेदक दचकला. ते काढून टाकले की वाक्य उघडं पडतं, आणि त्या उघड्या जागी काहीतरी कामाचं घालावं लागतं: किती वाजले, कुणाला त्रास झाला, पैसे कुणी दिले.

गेल्या वर्षी एका मुलीने जे लिहिलं ते मी अजून जपून ठेवलंय. तिच्या परवानगीने सांगते. तिचे आजोबा वारले, पण त्यांची सावली ओसरीवरच राहिली. दुपारी ती लांब होऊन पूर्ण ओसरीभर पसरायची, त्यामुळे तिथे घातलेले पापड वाळेनात. आईने दोन दिवस वाट बघितली आणि वाळवण अंगणात हलवलं. वारस नोंदीसाठी तलाठी आला तेव्हा सावलीवर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेने चालत आत गेला, आणि विचारलं, मृत्यूचा दाखला पूर्ण माणसाचा आहे की सावली सोडून?

पहिल्या मसुद्यात ‘आईला खूप भीती वाटली’ असं एक वाक्य होतं. मी त्याखाली रेघ मारली. तिने ते काढलं आणि त्या जागी पापडांची संख्या घातली, दीडशे. चांगला बदल. पण आणखी एक वाक्य मला खुपत होतं: ‘आजोबांना ऊन सोसायचं नाही.’ मी म्हटलं, “हेही काढ. सावली ओसरीवर का थांबली याचं तू कारण देतेयस. कोळीणबाई होतेय.”

तिने कागद परत घेतला, वाचला आणि मान हलवली. “नाही मॅडम. हे कारण नाहीये. तो त्यांचा स्वभाव होता.”

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. देवदूत म्हणून वांगं खातो की म्हातारा म्हणून, ते आठवलं. वाक्य तसंच राहिलं. खाली मी गुण लिहिले आणि विचारलं, “पुढे सावलीचं काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “आता पापड गच्चीवर घालतो. अंगणात कोंबड्या येतात.”